फक्त रुग्णालयाच्या खात्यावर

प्रियदर्शिनीने पोस्ट तीनदा तपासली. दत्तारामकाकांच्या हृदयाची झडप बदलायची होती. मुंबईच्या रुग्णालयाने खर्चाचा अंदाज तीन लाख चाळीस हजार दिला होता. त्या पत्रावरचा आधार क्रमांक तिने झाकला, तारीख-शिक्का उघडा ठेवला. खाली लिहिले: पैसे फक्त रुग्णालयाच्या खात्यावर, शेऱ्यात रुग्ण क्रमांक, आधी रुग्णालयाच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर बिलिंग विभागाला विचारून खात्री करा, कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर पाठवू नका, ओटीपी किंवा पिन आम्ही मागणार नाही, जमा रक्कम रोज संध्याकाळी इथेच कळवू.

सोमवारी दाखल व्हायचे, तर आधी अडीच लाख भरायचे होते. घरचे एक लाख वीस हजार भरून झाले होते.

शुक्रवारी महाडच्या लॅबमध्ये काम करताना तिला उमरठ गावाच्या ग्रुपवर दत्तारामकाकांचा फोटो दिसला. तिच्या सूचना गायब होत्या. शेजारी गावाच्या मुंबई मंडळाचे सचिव कुशाबाकाका यांचा स्वतःचा क्यूआर कोड. तिने तडक फोन लावला.

"अगो, तुझी पोस्ट वाचता वाचता माणूस म्हातारा होईल," कुशाबा हसले. "माझं नाव बघितलं की आपली माणसं पटापट पाठवतात. एकाहत्तर हजार जमलं! तुझं?"

"रुग्णालयात चौसष्ट हजार आलेत."

"बघ!"

"मग तुमचे आजच तिथे भरा, काका."

"असं कसं? पुढच्या रविवारी सभा हाय. पाहुण्यांच्या हस्ते चेक देऊ, फोटो काढू. देणाऱ्याला दिसाय नको?"

"ऑपरेशनची तारीख जाईल!"

"हास्पिटल काय पळून जातंय?"

चोरासाठी तिने पाच अटी घातल्या होत्या. प्रामाणिक माणसासाठी एकही सुचली नव्हती.

संध्याकाळी तिने ठरल्याप्रमाणे आकडे टाकले: रुग्णालयात जमा एक लाख चौऱ्याऐंशी हजार. सोमवारसाठी कमी सहासष्ट हजार. मंडळाकडचे एकाहत्तर हजार अजून रुग्णालयात पोचलेले नाहीत.

ग्रुपवर प्रश्न सुरू झाले. तासाभरात कुशाबांनी सगळी रक्कम रुग्णालयाला पाठवली, पावती टाकली. खाली टाळ्यांची रांग लागली: दानशूर कुशाबा!

लगेच दत्तारामकाकांच्या बायकोचा, मंजुळाकाकूंचा फोन. "त्या माणसाला चोर ठरवलंस गो! उद्या गरज लागली तर कुणाकडं जायचं? माफी माग."

"मी फक्त आकडे लिहिले, काकू."

"आकड्यांनी पेशंट उचलून नेतात काय? माग म्हणते ना!"

दात-ओठ खात तिने नंबर लावला.

"काका, चुकलं माझं."

"हं. आता कसं."

"आणि तो क्यूआरचा फोटो तेवढा काढून टाका. पुढे कुणी त्यावर स्वतःचा कोड चिकटवला तर..."

"माफी मागायची ही रीत?" कुशाबा गरजले आणि फोन कट झाला.

क्यूआरचा फोटो ग्रुपवर तसाच होता. ती पुन्हा फोन लावत राहिली.