तीडेमानचा तारा

"या विश्वात काहीही हरवत नाही," प्रोफेसर तीडेमान म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला.

चष्मा अखेर फळ्याखालच्या बादलीच्या काठावर सापडला, ओल्या स्पंजला टेकून. तीडेमानने तो पुसला, नाकावर चढवला आणि मघाचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. "रूप बदलतं, हार्मसेनबाई. हरवत मात्र नाही."

लेव्हके हार्मसेन मान डोलावून खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. वाक्य तिला पाठ असणार. तीडेमान प्रत्येक तोंडी परीक्षेची सुरुवात त्याच वाक्याने करतो आणि ही तिची तिसरी खेप होती. आमच्या जर्मनीत एका विषयाच्या परीक्षेला तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कापलं जातं. मग या देशातल्या कुठल्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी मिळत नाही. माणूस हवं तर तत्त्वज्ञान शिकू शकतो. त्यावर कुणाची हरकत नसते.

बाकीच्या सगळ्या पेपरांत ती सुटली होती, हाच एक उरला होता. दक्षिणेकडे एका रेडिओ दुर्बिणीवर तिला ऑक्टोबरपासून कामही मिळालेलं होतं. मेलेल्या ताऱ्यांची टिकटिक ऐकायची, असं ते काम. अट एकच, पदवी हातात हवी. बाहेर व्हरांड्यात तिच्या तीन मैत्रिणी घरी केलेला चेरीचा केक आणि फसफसत्या वाइनची बाटली घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे तशी रीत आहे. निकालाआधी बाटली आणू नये असं मी कितीदा सांगितलं असेल, पण निवृत्त माणसाचं कोण ऐकतं.

निवृत्त असूनही मी तिथे बसलो होतो, कारण जुलै होता आणि तरुण मंडळी परिषदांच्या नावाखाली इटलीच्या समुद्रात डुंबत होती. परीक्षकाशेजारी एक साक्षीदार लागतो. त्याने घडेल ते लिहून घ्यायचं, शेवटी सही करायची आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. मताचा अधिकार त्याला नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर हे काम मला जड जाणार नाही, असं तीडेमान फोनवर म्हणाला होता.

पहिले दोन प्रश्न तिला बरे गेले नाहीत. अगदी वाईटही गेले नाहीत. बुडणारा माणूस अधूनमधून वर येतो, तसे. तीडेमानने माझ्याकडे न बघता घसा खाकरला. आता तो आपला तारा काढणार, हे मला कळलं. काठावरच्या विद्यार्थ्यांसाठी त्याने एक सोपा प्रश्न राखून ठेवलेला असतो. ती त्याची दया. एवढीच एक त्याच्याकडे आहे, म्हणून तो ती जपून वापरतो.

"एक तारा घ्या," तो म्हणाला. "आपल्या सूर्याएवढा. त्रिज्या सात लाख किलोमीटर, स्वतःभोवती पंचवीस दिवसांत एक फेरी. तो ढासळून दहा किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा झाला, तर एका फेरीला किती वेळ लागेल?"

लेव्हकेचा चेहरा जरा सैल झाला. ती उठली, खडू घेतला. बाहेरून कुणी पीळ देत नसेल, तर फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग तेवढाच राहतो. वस्तुमान आत ओढलं गेलं की ती जोरात फिरू लागते. फिरत्या खुर्चीत पाय आत घेऊन बघावं. त्यात त्रिज्येचा वर्ग येतो, हीच यातली मेख. त्रिज्या सत्तर हजार पटीने कमी झाली, म्हणजे वेग सत्तर हजार गुणिले सत्तर हजार पटीने वाढला. सुमारे चारशे नव्वद कोटी पट. पंचवीस दिवसांचे एकवीस लाख साठ हजार सेकंद, त्यांना चारशे नव्वद कोटींनी भागलं. तिने खाली लिहिलं, ०.४४ मिलिसेकंद, आणि दोन रेघा ओढल्या.

"सेकंदाला जवळजवळ दोन हजार तीनशे फेऱ्या," ती म्हणाली.

बरोबर होतं. तीडेमानला हवं होतं ते हेच. मी लिहूनही घेतलं. केक कापायला आता हरकत नव्हती.

"खात्री आहे?" तीडेमानने विचारलं.

हे तो सगळ्यांना विचारतो. उत्तर बरोबर असो, चूक असो, अर्धं असो. एकदा मी त्याला किती वाजले सांगितलं, तेव्हाही विचारलं होतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना बजावून ठेवतात की म्हाताऱ्याने खात्री विचारली तर फक्त 'हो' म्हणायचं. लेव्हकेलाही ते कुणीतरी सांगितलेलं असणारच.

पण दोनदा नापास झालेल्या माणसाला 'खात्री आहे?' हा प्रश्न निराळा ऐकू येतो. ती फळ्याकडे वळली. "थांबा, सर. तपासते."

आणि तिने खरोखर तपासलं. इतक्या वर्षांत मी हे कुणाला करताना पाहिलं नव्हतं. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या विषुववृत्तावरचा कण धरून ठेवायला किती ओढ लागेल, ते तिने काढलं. मग ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण किती पुरवू शकतं, ते काढलं. दोन्ही आकडे शेजारी मांडले. लागणारी ओढ मिळणाऱ्या ओढीच्या दीडपट निघाली.

"हा तारा टिकणारच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "फुटून उधळेल. म्हणजे उत्तर चुकलंय."

मी तीडेमानकडे पाहिलं. तीडेमान खिडकीकडे बघत होता. तिसऱ्या खेपेला तो सूचक प्रश्न विचारत नाही. शेजारच्या विद्यापीठात एका परीक्षकाने विचारला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याचा रक्तदाब तेव्हापासून उतरलेला नाही.

मला बोलायची बंदी होती, खोकायची नव्हती. मी खोकलो.

"पाणी घे," तीडेमान म्हणाला.

लेव्हकेने स्पंज बादलीत बुडवला. तेव्हा मी अशी गोष्ट केली, जी वयाच्या बहात्तराव्या वर्षी करू नये. खुर्ची चाकांची होती. मी टेबलाला हाताने रेटा दिला, पाय पसरून एक गिरकी घेतली आणि मध्येच गुडघे पोटाशी ओढले. खुर्ची सपकन फिरली. लेव्हकेने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत दया होती.

"आरेन्स, बरं वाटतंय ना?" तीडेमानने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"खात्री आहे?"

तिने सगळं पुसून टाकलं. रबरी पट्टीने पाणी निथळवलं आणि कोऱ्या, काळ्याभोर फळ्यावर नव्याने लिहिलं की ऊर्जा अक्षय असते, सबब फिरण्याची ऊर्जा आधी होती तेवढीच राहील. तसं धरलं की वर्ग निघून जातो, नुसती सत्तर हजार पट उरते. एका फेरीला एकतीस सेकंद.

"हा टिकतो," ती म्हणाली.

टिकतो खरा, पण असं होत नाही. ढासळताना गुरुत्वाकर्षण त्या ताऱ्यावर प्रचंड काम करतं आणि त्यातलं थोडं फिरण्याच्या ऊर्जेत जमा होतं. ती ऊर्जा वाढते. तशीच्या तशी राहतो तो संवेग, आणि तोच आता बादलीत होता.

"खात्री आहे?" तीडेमानने विचारलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो प्रश्न खरोखर विचारला.

"हो, सर," लेव्हके म्हणाली.

ती बाहेर गेली. दाराच्या फटीतून मैत्रिणींची कुजबुज आत आली. दार लागलं.

"पास कर," मी म्हणालो.

"तू साक्षीदार आहेस."

"साक्षच देतोय. तिने तुझं उत्तर काढलं. वर तुझा प्रश्न मोडीत काढला. असला तारा असू शकत नाही, हे तिने दाखवलं."

"मला माहीत आहे," तीडेमान म्हणाला. "पहिल्यापासून माहीत आहे. सूर्य असा अख्खाच्या अख्खा कोसळत नाही. न्यूट्रॉन तारा व्हायला तो हलका पडतो. आकडे सोपे पडतात म्हणून घेतो मी."

"मग?"

"मग शेवटी तिने काय लिहिलं, ते वाच."

फळा वाळत होता. ओल्या स्पंजने घाईत पुसलं की असं होतं. पाणी उडतं आणि खडूची पुसट पूड वर येते. एकतीस सेकंदांच्या मागे, जरा तिरकं, ०.४४ दिसू लागलं होतं. दोन रेघांसकट.

"तेही वाच," मी म्हणालो.

तीडेमानने चष्मा काढला. "पुसलेलं धरत नाहीत, आरेन्स. धरायला लागलो तर सगळेच पास होतील. पहिले दोन प्रश्न काठावरचे आणि तिसऱ्यात तिने मूळ नियमच सोडला. का सोडला? कुणी हटकलं म्हणून. उद्या दुर्बिणीवर कुणी हटकलं तर?"

"हटकलं कुणी?"

त्याने चष्मा परत नाकावर चढवला. मग त्याने लिहायला घेतलं. पास व्हायला चार लागतात, आमच्याकडे आकडा जितका लहान तितका चांगला. त्याने पाच लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. घडलं ते सगळं मी लिहिलं होतं, पुसलेलंसुद्धा. सही घडल्याची होती, न्यायाची नव्हती. मी सही केली.

लेव्हकेला आत बोलावलं. तीडेमानने उभं राहून सांगितलं, छापील वाक्यांत, कारण तसं सांगायचा नियम आहे. ती रडली नाही. रडली असती तर आम्हा दोघांना काहीतरी करायला मिळालं असतं, पाणी वगैरे.

"एक विचारू, सर?" ती म्हणाली. "तो तारा फुटतो ना? मी केलं ते बरोबर होतं?"

"फुटतो."

"मग उत्तर चूक होतं."

"उत्तर बरोबर होतं," तीडेमान म्हणाला. "तारा चुकीचा होता. खऱ्यात फक्त लोखंडाचा गाभा ढासळतो, मोठ्या ताऱ्याच्या पोटातला. बाहेरचं सगळं उडून जातं. गाभ्याची त्रिज्या समजा दीड हजार किलोमीटर. आणि बाहेरचे थर त्याला आधीच रोखत आलेले असतात, म्हणून तो फिरतोही सावकाश. धरा, दहा मिनिटांत एक फेरी."

तिने वर छताकडे पाहिलं. दीडशे पट, त्याचा वर्ग साडेबावीस हजार. सहाशे सेकंद भागिले साडेबावीस हजार. ओठ जरासे हलले.

"सेकंदाला सदतीसेक," ती म्हणाली. "हा टिकतो."

"टिकतो. अशा जन्मलेल्या ताऱ्यांची टिकटिक ऐकू येते."

तिला आता ती ऐकायला जाता येणार नव्हतं, हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. तो कागद नीट करू लागला.

"म्हणजे मी पुसायला नको होतं," लेव्हके म्हणाली.

व्हरांड्यात कुणीतरी फार लवकर बूच उडवलं, आणि मग एकदम शांत झालं.

तिने पिशवी खांद्याला लावली. तीडेमान फळ्याकडे बघत होता. तो आता पुरता वाळला होता आणि मागचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

"हार्मसेनबाई," तो म्हणाला, "जाता जाता तेवढा फळा पुसाल का? आणि या वेळी स्पंज जरा नीट पिळून घ्या, पुढच्या विद्यार्थ्याला उत्तर दिसायला नको."