चाळीस गुंठे

बारकूच्या शेताला कुणी कमी म्हटलेलं बारकूला खपत नसे. बापाच्या काळापासून सगळा गाव त्या तुकड्याला ‘सव्वा एकर’ म्हणत आला होता, आणि मुरबाडच्या वाल्मिक दुकानदाराने ठिबकच्या कोटेशनवर चक्क लिहिलं होतं : क्षेत्र चाळीस गुंठे!

"एक एकर? फक्त?" बारकूने तो कागद ओटीवर आपटला. "दहा गुंठे खाल्ले काय त्याने? येऊन चहा पिऊन गेला, तेव्हा तर गोड गोड बोलत होता."

सून भूमिका भांडी विसळता विसळता हसली. "बाबा, त्याने फिरून मोजलंय. बाकीच्यांनी फोनवर तुमी सांगितलं तेच लिहिलं."

"मग मी काय खोटं सांगितलं गो?"

भूमिकाने पुढचं भांडं उचललं. सासऱ्याशी शेताच्या मापावरून वाद म्हणजे गाडी ढकलून चढावर न्यायची.

गोष्ट साधी होती, पण तिच्यात शेत पणाला लागलं होतं. भात कापून झालं की किन्हवलीकडच्या त्यांच्या त्या तुकड्यात उन्हाळ्यापर्यंत नुसतं गवत. विहिरीला पाणी होतं, पण पाटाने पाणी द्यायला बारकूचे गुडघे राहिले नव्हते. मुलगा दीपेश पहाटे आसनगावला जाऊन नोकरीसाठी लोकल पकडायचा, तो पाणी कधी वळवणार? त्यातच वीटभट्टीवाला जगन येऊन बसला होता. वरची तीन फूट माती द्या, म्हणाला, शेत तसंही पडूनच आहे. भूमिका म्हणाली, माती गेली की शेत कसलं, नुसता खड्डा. सरकारी अनुदानाला अर्ज करून ठिबक करू, भेंडी लावू, माझी मी बघते. बारकूने दोघांनाही रविवारचा वायदा दिला होता. कोटेशनं पटली तर ठिबक, नाही तर जगन.

आज रविवार.

कोटेशनं तीन होती. किन्हवलीच्या माणसाने एका ओळीत ‘ठिबक संच, पूर्ण’ लिहून खाली रक्कम टाकली होती. पाइप किती, फिल्टर कसला, काही नाही. ते बारकूनेच बाजूला सारलं. असल्या कागदावर तर बकरीसुद्धा घेऊ नये. राहिली दोन. शहापूरवाल्याने मात्र झकास लिहिलं होतं : क्षेत्र सव्वा एकर, सोळा मिलिमीटरची नळी एकवीसशे मीटर, जाळीचा फिल्टर एक, आणि भाव वाल्मिकपेक्षा चांगलाच कमी.

"सव्वा एकराला एवढ्यात करतोय," बारकू म्हणाला, "आणि हा मुरबाडचा शहाणा एकराला जास्त मागतो. यात बघायचं काय राहिलं?"

"नळी बघायची राहिली. वाल्मिकभाऊंनी तेहेतीसशे मीटर लिहिलीय."

"जास्त विकायची असेल त्याला!"

"मग मोजून बघू," भूमिका म्हणाली. "भेंडीच्या जोडओळीला चार चार फुटांवर नळी येते. खुंट्या मी ठोकते, दोरी तुमी धरा."

गणकयंत्रावर बारकूचा विश्वास नव्हता, पण दोरीवर होता. दोघं शेतात उतरली. तुकडा पाच खाचरांचा, एकाखाली एक उतरत गेलेला, मधे रुंद बांध. भूमिकाने पहिल्या खाचरात चार चार फुटांवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि बारकू दोरी घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. गुडघा कुरकुरत होता, पण मोजणी कुणा दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. एकेका खाचरातल्या ओळी मोजायच्या, लांबीने गुणायच्या, वहीत मांडायच्या. तिसऱ्या खाचराच्या बांधाशी भूमिका थांबली.

"झाले बाबा. एकवीसशे मीटर इथं संपले."

बारकूने मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. पुढे दोन आख्खी खाचरं उरली होती.

"आन् ही दोन?"

"कोरडी."

बारकू बांधावर बसला. सव्वा एकर लिहून पंचवीस गुंठ्यांचा पाइप द्यायचा! वर कोटेशन हातात देताना हसून नमस्कारही केला होता त्या माणसाने. "काय पण लबाड आहे रे," तो पुटपुटला, आणि मग गुडघे चोळत उठला. "चल, उरलेलं मोजू. अर्धवट नको."

शेवटच्या खाचरापर्यंत बेरीज तेहेतीसशेला थोडी कमी भरली. वाल्मिकचा आकडा बरोबर होता. आणि दोरी धरून चालताना बारकूला आणखीही एक दिसत होतं, ते सांगायला त्याला वेळ लागला. वरचा खडकाळ उतार आणि जाडजूड बांध यांवरून दोरी नेताच येत नव्हती. दहा-बारा गुंठे तिथेच गेले, असं तो शेवटी म्हणाला.

"सातबाऱ्यावर पण तसंच आहे बाबा," भूमिका हळू आवाजात म्हणाली. "एकूण बावन्न, त्यात पोटखराब बारा. पिकाखाली चाळीस. अर्जात पन्नास लिहिले आणि मोक्यावर तपासायला आले, तर चाळीसच भरणार. मग अनुदान अडकलं."

मग तिने बाकीचंही दाखवलं. विहीर उघडी, पाण्यात शेवाळ. नुसती जाळी चार दिवसांत तुंबली असती. वाल्मिकने वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळी धरली होती. खाचरं पाच, म्हणून प्रत्येकाला वेगळा वॉल्व्ह. शहापूरवाल्याने सपाट मैदान समजून एकच उपमुख्य पाइप ओढला होता. वाल्मिकच्या कागदावर नळीची आयएसआय खूण आणि जाडीचा वर्ग लिहिला होता, दुसऱ्यावर नुसतं ‘उत्तम दर्जा’.

"आणि तो शहापूरवाला म्हणाला, आत्ता बसवा, मंजुरी मागनं येईल," भूमिका म्हणाली. "तसं नसतं. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. वाल्मिकभाऊ तर म्हणाले, संमतीचा कागद हातात आल्याशिवाय मी पाइप उतरवणारच नाय."

"म्हणजे किती दिवस?"

"महिना, दीड महिना. नक्की नाय सांगता यायचं."

तेवढ्यात बांधावरून जगन आला, पांढरा शर्ट, हातात मोटारसायकलची चावी. खुंट्या बघून हसला. "काय काका, पोरीच्या नादाला लागून दोऱ्या ओढताय? महिनाभर कागदं फिरतील, मग कुणी फिरकणारपण नाय. माझा ट्रॅक्टर उद्या येतो. आणि मी तुमच्या शेताला कमी नाय म्हणत हां. सव्वा एकराचाच हिशोब धरतो."

भूमिकाने सासऱ्याकडे पाहिलं नाही. खुंटी हातात घट्ट धरून ती खाली मातीकडे बघत राहिली.

सव्वा एकर. बारकूच्या कानाला तो शब्द कालपर्यंत किती गोड लागला असता! आज त्याला त्याचा राग आला. ज्याने ज्याने सव्वा म्हटलं, त्याला त्याला शेतातून काहीतरी उचलून न्यायचं होतं. आणि कमी म्हणणारा एकटाच माणूस उन्हात फिरून मोजून गेला होता, त्याला आपण घरभर शिव्या घातल्या.

"जगन," बारकू म्हणाला, "चाळीस गुंठे आहेत रे. मी आता मोजले."

"असू दे काका, मी सव्वाचे..."

"आणि त्यातली टोपलीभरपण माती देयची नाय."

जगनने चावी बोटाभोवती फिरवली. मग खांदे उडवून, बघा बुवा, म्हणत निघून गेला. मोटारसायकलचा आवाज रस्त्याला लागला.

मग बारकूने खिशातून आधार कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं आणि सुनेपुढे धरलं. "चल गो, ऑनलाइनवाल्याकडं. किन्हवलीचं केंद्र रविवारी एक वाजेपर्यंत उघडं असतं."

"खरंच बाबा?"

"खरंच म्हणजे काय! सातबारा घे, आठ-अ घे, पासबुक घे. आणि अर्जात क्षेत्र मी सांगणार. तू मधे बोलायचं नाय."