निरुपमाबाई 'त्या' कधी झाल्या

सासूबाईंचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, आठवणी गोळा करणं हेच अवघड काम. आठवणी ढिगानं मिळाल्या. गाडी अडली ती पहिल्याच पानावर. 'निरुपमाबाई जन्मल्या' लिहिलं, 'त्या रांगू लागल्या' लिहिलं, आणि 'त्यांना दात आले' इथं माझं मलाच हसू आवरेना. म्हणून बालपण 'ती'वर ठेवलं. ती रांगू लागली, ती शाळेत गेली. पण पुढं कुठल्यातरी पानावर 'ती'ची 'त्या' व्हायला हवी होती, 'गेली'चं 'गेल्या' व्हायला हवं होतं. ते पान कुठलं?

थोडा वेळ मी पळवाट काढून पाहिली. 'पत्र लिहिले', 'पदवी मिळवली' अशी वाक्यं केली, की क्रियापद बिचारं पत्राच्या आणि पदवीच्या मागं जातं, बाईंचा मान त्यात दिसतच नाही. पण पत्र 'तिने' लिहिले की 'त्यांनी', हे सांगावं लागतंच. झाकली मूठ किती वेळ झाकून ठेवणार?

हा प्रश्न सोडवला आप्पाकाकांनी. आप्पाकाका म्हणजे लक्ष्मीकांतराव, सासूबाईंचे थोरले दीर. नव्वदी ओलांडली तरी आवाज खणखणीत, आणि आमच्या घराण्यात शेवटचा शब्द त्यांचाच. सासूबाईंच्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाला मराठी मंडळाच्या सभागृहात पुस्तक निघणार होतं, आणि सासरचं प्रकरण मीच वाचणार, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. ते दिवस पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलंय, म्हणून.

"त्यात काय विचार करायचा, कौमुदी?" ते म्हणाले. "लग्न होऊन आपल्या घरात आली, तिथून 'त्या'. बस ने!" गुजरातेत मुरलेल्या आमच्या घराण्यात 'ना'चं 'ने' होतं.

मी मान डोलावली. घरच्या ज्येष्ठांपुढं मान डोलवण्याचा मला चांगला सराव आहे. लग्नाच्या पानापासून सगळ्या 'आली'च्या 'आल्या' केल्या आणि छपाईआधी तपासायचं मुद्रित सासूबाईंच्या हातात ठेवलं.

सासूबाई जन्मभर मराठीच्या शिक्षिका. पेन्सिल घेऊन बसल्या आणि लग्नाच्या पानावर थांबल्या.

"हे कोणी ठरवलं?"

"आप्पाकाकांनी."

"छान. म्हणजे बोहल्यावर चढले आणि 'त्या' झाले." त्यांनी चष्मा काढला. "अगं, तुझे सासरे या पुस्तकात मुंजीपासून 'ते' आहेत. आठ वर्षांचं पोर, 'ते भिक्षा मागू लागले'! असू दे, मला त्याचं काही नाही. पण मला या घरात लग्नानंतर कोणी 'त्या' म्हटलं नाही. चहा टाकलाय का तिनं, उठली का ती, एवढंच. ओटा लिही. मग 'त्या' लिही."

ओटा आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणी कधी बोललं नव्हतं. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळेत नोकरी मिळाली, घरानं नको म्हटलं, आणि सासूबाई एका सकाळी पदर खोचून सरळ शिकवायला गेल्या. परत आल्या तर घडियाळी पोळ या दाटीच्या गल्लीतल्या आमच्या घराचं दार आतून बंद. आख्खी पोळ बघत होती. त्या दारापुढच्या ओट्यावर बसून मुलींच्या वह्या तपासत राहिल्या. दिवेलागणीला दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाळेत गेल्या.

आणि दार लावणारे होते आप्पाकाका.

"आई, ते प्रकरण आप्पाकाका वाचणार आहेत, भर सभागृहात!"

"वाचू देत," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या पानावरची वेलांटी दुरुस्त करू लागल्या.

मी लिहिलं, पण घाबरत लिहिलं. काकांचं नाव कुठंच आणलं नाही. 'दार आतून लावलेले होते,' एवढंच. लावलं कोणी, हे त्या वाक्याला विचारायचं नाही आणि वाक्य सांगायचं नाही. दार उघडेपर्यंत 'ती', उघडल्यावर 'त्या'. नवं मुद्रित काकांकडे पाठवलं. उत्तर आलं नाही. फोन केला, तर त्यांच्या घरचे म्हणाले झोपलेत. संध्याकाळी पुन्हा केला, तरी झोपलेतच. पुस्तक छापायला गेलं.

"तू उगाच टेन्शन घेतेस," उत्कर्ष, माझा नवरा, म्हणाला. "काका वाचतील ने. नाहीतर दोन पानं उलटून पुढं जातील."

मला त्याचीच तर भीती होती. पानं उलटली, तर सासूबाईंनी उभ्या आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट त्यांच्यासमोर, शंभर माणसांत उलटून टाकली जाणार. रागावून उठून गेले, तर या वयात दोघांचं तुटलेलं पुन्हा कोण जोडणार? आणि या दोन्हींहून बारीक एक भीती होती, ती मी कोणाला सांगितली नाही. काका थोरले दीर. सासूबाईंविषयी बोलताना त्यांच्या तोंडी कायम 'ती'. नात्यानं तेच बरोबर. वाचताना जीभ सवयीनं वळली, 'त्या आल्या'चं 'ती आली' झालं, तर त्यांना दोषही देता येणार नव्हता. ओटा मात्र वाया गेला असता.

वाढदिवसाच्या दिवशी सभागृह भरलं. मागं शेव-उसळीचा वास सुटला होता. सासूबाई पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर काही नाही. काका उभे राहिले, पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचू लागले. लग्न, सासर, स्वयंपाकघर. "ती पहाटे उठे. ती सर्वांच्या नंतर जेवे." आवाज खणखणीत होता. पान उलटलं. एकच उलटलं. मी श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला.

"ती शाळेतून परत आली. दार आतून लावलेले होते."

ते थांबले. मला वाटलं, ओळ हरवली. मग त्यांनी पुस्तक खाली केलं आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"लावलेले होते म्हणजे काय गं, कौमुदी? दार काय आपोआप लागतं?"

सभागृहात कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"मी लावलं होतं," काका म्हणाले. "माझ्या आईनं दोनदा उघडायला सांगितलं. मी उघडलं नाही. तिसऱ्यांदा तिनं स्वतः उघडलं." ते पुन्हा पुस्तक वर धरायला गेले, पण ते हातांना पेलेना. उत्कर्षनं उठून पुस्तक धरलं.

"ती ओट्यावर बसून वह्या तपासत होती," काकांनी वाचलं. "दिवेलागणीला दार उघडले."

आता पुढची ओळ. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. इतके दिवस माझी समजूत होती की धास्ती फक्त मला आहे.

"त्या," काका म्हणाले, आणि थांबले. तो शब्द सासूबाईंसाठी त्यांच्या तोंडून कधी निघालाच नव्हता. "त्या उठल्या. त्यांनी वह्या गोळा केल्या. आणि त्या आत आल्या."

पुढची ओळ त्यांना वाचता येईना. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, चष्मा नीट बसवला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज लावला.

"भाऊजी, पुढं वाचा. दुसऱ्या दिवशीचं राहिलंय."

काकांनी मान डोलावली.

"दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या," ते वाचू लागले.