तीन फोटो

बाबांचा नियम तीन फोटोंचा. पहिला डोळ्याचा, अगदी जवळून. दुसरा कल्ल्यांचा, झाकण अंगठ्याने वर उचलून. तिसरा पाठीचा, बोटाने दाबून लगेच सोडलेला, म्हणजे खळगा राहतो की मांस उसळी घेतं ते कळतं. गेल्या शरदात जिन्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून ते तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत, आणि मी समुद्रकाठच्या स्प्लिट शहराच्या मासळी बाजारात फोन नाचवत. खानावळ आमची सहा टेबलांची. मासा चाळीस वर्षं त्यांनीच निवडला, आणि आता मी बेचाळीस वर्षांची झाले तरी माझ्यावर सोपवायची त्यांची तयारी नव्हती.

त्या शनिवारी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, क्लेमेंच्या नातीचं बारसं होतं. जेवायला चौदा माणसं, एक वाजता. मोठे दोन झुबाताट्स हवे होते, ते गुलाबी मासे, राक्षसासारख्या दातांचे, निखाऱ्यावर अख्खे भाजायचे. त्या घरच्या लग्नाचं जेवणही बाबांनीच रांधलं होतं. हे जेवण फसलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

साडेसातला पहिले फोटो पाठवले. फोन वाजला.

"डिंका, डोळे ढगाळलेत. सोड."

पुढच्या ठेल्यावरचे पाठवले. "कल्ले विटकरी. परवाचा आहे." तिसरे पाठवले. "अगं, तुला दिसत नाही का? हा तर मांजराला घालायचा!"

मला दिसत होतं, पण माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर नव्हता. चाळीस वर्षांपुढे माझं काय चालणार? मी पुढे गेले की मागे तोच मासा दुसरं कोणीतरी उचलायचं. पावणेनऊपर्यंत हॉटेलवाल्यांनी अर्धा बाजार साफ केला होता.

राहता राहिली येर्कामावशी. तिच्या आईकडून बाबा मासे घ्यायचे, नंतर तिच्याकडून. हिवाळ्यात मात्र सगळं बिनसलं. तिच्या प्रत्येक माशाला बाबा नाकं मुरडायला लागले. एकदा तर फोनवरून तिला बोल बोल बोलले, तेव्हापासून मी तिचा ठेला टाळत होते. आज तिच्याकडे बर्फावर दोन झुबाताट्स होते, ताठ, चकाकते.

मी मान खाली घालून तीन फोटो काढले.

"काढ काढ," मावशी म्हणाली. "पासपोर्टला हवेत का?"

फोन वाजला. "कोणाचे गं?"

"येर्कामावशीचे."

"वाटलंच. डोळ्यावर साय आलीय. तिला सांग, म्हाताऱ्या याकोवला आंधळा समजू नकोस."

आणि मी मूर्खासारखी तेच बोलले. वर आपलंही घातलं, "मावशी, बर्फाने शिळेपण लपत नाही हो." मोठ्याने बोलले. नऊ वाजायला आले होते, हात रिकामे होते, राग कोणावर तरी निघायचाच होता. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या.

मावशीने ओरडायला हवं होतं, पण ती ओरडली नाही. तिने मासा डोक्याकडून एका हाताने आडवा धरला. शेपूट वाकली नाही, फळीसारखी सरळ राहिली. मग सुरी घेतली, पोट उघडलं आणि कण्यालगतचं रक्त मला दाखवलं, लालभडक, ओलं. मांस काचेसारखं, आरपार दिसेल असं.

"पहाटे चारला जाळ्यातून काढला, पोरी. आता चिरला, आता कोण घेणार? घेऊन जा तुझ्या बापाला दाखवायला. नाहीतर नको घेऊस. पण माझ्या ठेल्यापुढे असं पुन्हा बोलू नकोस."

मी तिथून चालत सुटले. लाजेने चेहरा तापला होता, आणि खोटं कोण बोलतंय ते कळत नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं खरं की बाबांनी सांगितलेलं? दोन मिनिटांवर मातेयुश्का, लहान होड्यांचा धक्का. ओळखीचा मच्छीमार व्येको नुकताच येऊन होडी बांधत होता. त्याच्या टबात एक ओराडा मासा शेपूट आपटत होता.

"व्येको, एक मिनिट धर ना त्याला."

"जिवंत आहे गं, चावेल मला!"

"धर म्हणते ना!"

त्याने धरला. मी डोळ्याचा फोटो काढला, कल्ला उचलून दुसरा, पाठीचा तिसरा. फोटो काढेपर्यंत मासा तडफडत होता. पाठवले. कोणाचे ते सांगितलं नाही.

फोन वाजला.

"शिळा," बाबा म्हणाले. "डोळा पांढुरका, कल्ले तपकिरी. डिंका, या वर्षी समुद्रच नासलाय बघ. एक मासा धड येत नाही."

व्येकोच्या हातातला ओराडा अजून उसळत होता. मी फोन खिशात टाकला आणि तिथेच दोरखंडाच्या गुंडाळीवर बसले. आठवत गेलं. बाबा टीव्हीचे रंग उतरलेत म्हणत होते. पायरी ओली होती म्हणून पडलो म्हणाले, पण त्या आठवड्यात पाऊस नव्हता. फोटो बघायच्या टॅबची काच धूसर आहे म्हणायचे, मी ती रोज पुसून देत होते आणि मला काहीच सुचलं नव्हतं. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

येर्कामावशीकडे परत गेले. दोन्ही मासे घेतले, चिरलेलासुद्धा. "मावशी, चूक झाली," म्हटलं. ती बर्फ सारखा करत राहिली. "मासा चांगला भाज," एवढंच म्हणाली.

मासे खानावळीत ठेवायला हवे होते, निखारे पेटवायचे होते, पण मी आधी वर घरी गेले. तीन मजले धावत चढले. बाबा खिडकीशी होते, टॅब मांडीवर.

"काय, रिकाम्या हाताने आलीस?"

मी न चिरलेला मासा पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं नाही. अंगठा आपोआप कल्ल्याखाली गेला, दुसऱ्या हाताने पाठ दाबली, मग नाकाशी नेला. इतका वेळ वास घेत बसले की मला घड्याळाकडे बघवेना.

"हा आजचा," ते म्हणाले. चेहरा उजळला. "पहाटेचा. समुद्राचा वास आहे नुसता. कुठे मिळाला? मघाशी का नाही दाखवलास?"

"मघाशीच दाखवला, बाबा. हा येर्कामावशीचा. ज्यांच्या डोळ्यावर साय आली म्हणालात ना, त्यातलाच."

"मग फोटो वाईट काढलास."

"त्यानंतर एक पाठवला ना, तो जिवंत होता. व्येकोच्या हातात उड्या मारत होता. फोटो चांगले आहेत, बाबा."

त्यांनी टॅब उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे धरला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मोतीबिंदूच असेल, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं, शेजारच्या माटेचं झालंय. खाली टेबलं मांडायची होती आणि मी तिथेच उभी होते.

"हिवाळ्यातले सगळे?" त्यांनी विचारलं. "जे मी नको म्हटले?"

"बहुतेक सगळे चांगले असणार, बाबा."

मासा मांडीवरच होता, पाणी पायजम्यावर गळत होतं. मग त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला.

"येर्काला फोन लाव. मला बोलायचंय तिच्याशी."

"तुमच्याच फोनवर तिचा नंबर आहे."

"तूच लाव, डिंका," ते म्हणाले. "मला आकडे दिसत नाहीत."