मार्चमध्ये अडकलेला लॅपटॉप

अमेरिकेहून लेकीकडून बोरीवलीला परतलेल्या सहदेवला बायकोचा, प्रेमाचा, फोटो आज फ्रेमवाल्याला द्यायचा होता. फोटो ऑनलाइन खात्यात होता आणि लॅपटॉप म्हणत होता, साइट सुरक्षित नाही.

"चोर घुसलेत गं," त्याने श्रुतिकाला फोनवर सांगितलं.

"बाबा, लॅपटॉपचं घड्याळ बघ."

"भिंतीवरच्याशी जुळतंय. मीच लावलंय."

"आणि तारीख?"

"एकोणीस मार्च."

"अरे, डिसेंबर चालू आहे! इथे महिना आधी लिहितात. तू इथे असताना माझ्या लॅपटॉपवरचं १२/३ बघून तुझ्यावर बारा मार्च लावलंस. साइट खरी असल्याचं सर्टिफिकेट मार्चनंतरचं, म्हणून लॅपटॉपला ते खोटं वाटतंय."

प्रेमा एप्रिलमध्ये गेली होती.

"म्हणजे ह्या डबड्याच्या हिशोबाने तुझी आई घरातच आहे," सहदेव म्हणाला. "बरं चाललं होतं की त्याचं."

पण तारीख पुढे नेल्याशिवाय तिचा फोटो मिळणार नव्हता. त्याने डिसेंबर लावला.