म्हाळसाबाईची इंग्रजी चिठ्ठी

माझं इंग्रजी चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण पूर्णेत दुसरं कोणी सांगणारं नाही. हैदराबादेत शिकलो, तिथल्या एका खवट प्राध्यापकाने माझ्या वाक्यावाक्याची हजामत केली, आणि त्याचा सूड मी म्हातारपणी बन्सीधरवर उगवत होतो.

बन्सीधर माझ्या दवाखान्यातला मदतनीस डॉक्टर, बोरीचा. त्याला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, आणि त्यासाठी आधी डॉक्टर-नर्सांची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती. त्यात एक पेपर असा असतो: रुग्णाच्या नोंदी हातात देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहायला सांगतात. वेळ पाऊण तास, शब्द दोनशेच्या आसपास. नोंदींमध्ये मुद्दाम फापटपसारा भरलेला असतो. कामाचं तेवढं उचलायचं, बाकीचं सोडायचं. तुम्हाला पाखडता येतं का, एवढंच ते बघतात.

सरावाला खऱ्या नोंदी हव्यात म्हणून मी म्हाळसाबाईंचा कागद काढला. राणीसावरगावकडच्या मेंढपाळ बाई. वर्षातले आठ महिने रानोमाळ, त्या मार्चात त्यांचा मुक्काम पूर्णेच्या नदीकाठी होता. उजव्या बरगडीखाली फुगवटा, आठवड्यापासून ताप, पाच दिवस गोळ्या देऊनही उतार नाही. कागदावर माझ्याच अक्षरात आणखी बरंच होतं: दोनशे मेंढ्या, दोन कुत्री, ती माणसांसोबत एकाच पालात झोपतात, दीड वर्षापासून जडपणा, मधूनमधून अंगावर पित्त उठतं, सून माहेरी गेली आहे.

बन्सीधरने यातलं बहुतेक सगळं चिठ्ठीत घातलं. मी लाल शाई घेऊन बसलो.

"सर, मेंढ्या आन् कुत्री तरी राहू द्या की," तो म्हणाला.

"परीक्षक काय लोकर विकत घेणार आहे का?" मी म्हणालो. "सून माहेरी, मेंढ्या रानात, कुत्री पालात. चिठ्ठी आहे का कीर्तन?"

मग नमुना म्हणून मी स्वतःच एक लिहून दाखवली. पहिल्या वाक्यात कशासाठी पाठवतोय ते, मग तक्रार, तपासणीत काय आढळलं, काय औषध दिलं आणि शेवटी विनंती: यकृतात पू झाल्याचा संशय आहे, सोनोग्राफी करावी, गरज पडल्यास सुईने पू काढावा. एकशे ब्याण्णव शब्द. वाचताना मला माझंच कौतुक वाटलं. बन्सीधर मान डोलावत होता, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई बैलगाडीत आडव्या पडून आल्या. नवरा रायभान सोबत होता. "लय दुखायलंय, डाक्टरसाब," एवढंच त्या बोलल्या. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात धाडणं भाग होतं. चिठ्ठी तर टेबलावर तयारच होती. मी तारीख बदलली, खरं नाव घातलं, सही ठोकली. बन्सीधर तेव्हा आत टाके घालत होता. साडेअकराच्या गाडीने दोघं गेली. बैलगाडीमागे आलेलं त्यांचं एक कुत्रं मात्र आगगाडीत कसं न्यायचं? रायभानने ते आमच्या दारच्या कडुलिंबाला बांधलं आणि कंपाउंडर सटवाजीला सांगून गेला, "ह्याला कायतरी घाला, मालक."

दुपारी दवाखाना रिकामा झाला. मी आरामखुर्चीत टेकलो. मार्चातल्या दुपारी पूर्णेत झोप येत नाही, आपणच तिच्यात उतरत जातो. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांपुढे मेंढ्या चालू लागल्या. रुळांवरून, फलाटावरून, माझ्या टेबलावरच्या कागदावरून, ओळीमागून ओळ. त्यांच्या खुरांचा आवाजच नव्हता. मी लाल शाईने एकेक खोडत होतो आणि खोडलेली प्रत्येक मेंढी माझ्याकडे वळून बघत होती. मला राग येत नव्हता, नुसतं बरं वाटत होतं.

जाग आली ती लपालप चाटण्याच्या आवाजाने. सटवाजीने खाटकाकडून मेंढीचं टाकाऊ काळीज, म्हणजे यकृत, आणून कुत्र्यापुढे टाकलं होतं. मी चष्मा लावला. त्या काळजावर पांढरट, पाण्याने भरलेली एक गाठ होती, लिंबाएवढी. कुत्र्याने दात लावला आणि ती फुटली.

हे मी शिकलो होतो. मेंढीच्या काळजात पाण्याची गाठ, ते काळीज कुत्र्याच्या पोटात, कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी माणसाच्या हाताला, भांड्याला, आणि मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी. मधूनमधून पित्त उठवणारी. पू समजून तिच्यात सुई घातली तर आतलं पाणी अंगात पसरतं, आणि रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. सुई घाला, असं मी लिहून दिलं होतं. आणि ज्यावरून तिकडच्या डॉक्टरला संशय आला असता ते सगळं मी माझ्या हाताने पाखडून टाकलं होतं.

ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेना. बन्सीधरला म्हटलं, दवाखाना सांभाळ, आणि स्टेशनकडे सुटलो. चौसष्टाव्या वर्षी मी पळत होतो आणि माझे पाय दुसऱ्याच कोणाचे तरी असल्यासारखे वाटत होते. गाडी मिळाली. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली रानं उन्हात तरंगत होती. डबा डुलत होता, समोरची बाई डुलत होती, आणि मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो: आदरणीय सहकारी, आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो. नांदेड येईपर्यंत त्यातलं एकही पुरं झालं नाही.

दवाखान्यात दार ढकललं तेव्हा म्हाळसाबाई कुशीवर होत्या, उजव्या बरगडीला औषध फासलेलं, आणि एक तरुण डॉक्टर हातात सिरिंज घेऊन उभा होता. सोनोग्राफीचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून तो चिठ्ठीवर विसंबला होता.

"सुई घालू नका!" मी ओरडलो. "बाईकडं मेंढ्या हायत! कुत्री हायत, पालात संगं झोपतेत! दीड सालापासनं हाय तिला हे!"

त्या पोराने आधी माझ्या धुळीने भरलेल्या चपला पाहिल्या, मग माझं तोंड. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "हायडॅटिड?" त्याने हळूच विचारलं. मी मान डोलावली आणि भिंतीला टेकलो.

दोन दिवसांनी मशीन चालू झालं. गाठ पाण्याचीच होती, आत पिल्लागाठी. सर्जनने पोट उघडून, आजूबाजूला जंत मारणाऱ्या द्रवात भिजवलेल्या पट्ट्या लावून, जपून काढली. आठवड्याने मी भेटायला गेलो तेव्हा म्हाळसाबाई खाटेवर बसून पेज पीत होत्या. केसपेपरला माझी चिठ्ठी टाचलेली होती.

"डाक्टरसाब, तुमच्या चिठ्ठीत काय लिवलंय? ते डाक्टर सारखं बघत व्हते."

मला सरळ खोटं बोलता आलं असतं. पण मी खाटेच्या कडेला बसलो आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं. बाईचं वय, ताप किती, फुगवटा कुठे, गोळ्या कोणत्या, विनंती काय. त्यांनी भांडं खाली ठेवून सगळं मन लावून ऐकलं.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "ह्या बाईला कुनीच न्हाई व्हय?"