रविवारची प्रत

त्या रविवारी दुपारी मी अमरावतीत उत्तरपत्रिका तपासत होते. बाबांचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर टाकला आणि लाल पेन हातातच ठेवला.

"रागिणी, तुहं काम केलं वं," ते म्हणाले. "सगळ्यात मोठी फाईल होती, ते काढून टाकली. कचरापेटीबी रिकामी केली. पण डब्बा जागा तेवढीच दाखवून राहिला. काहून?"

"कोणाची होती?"

"माहीच. ते काय, पुन्हा करता येते. पण जागा काहून होत नाई?"

"बाबा, मी पेपर तपासून राहिली. उद्या पाहते."

"पाह्य मंग. तुही माय विचारते, जेवली का?"

"जेवली," मी म्हटलं. जेवले नव्हते.

डब्बा अकोल्याच्या घरी, जठारपेठेत, टीव्हीखालच्या कपाटात असायचा. आत दोन डिस्का, घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यावर, आणि टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल सगळे वायफायवरून त्याच्याशी जोडलेले. बाबा टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. जोडलेल्या वस्तूंचं त्यांना प्रेम होतं. डब्ब्यातली निम्म्याहून जास्त जागा मी माझ्या कॉलेजच्या चर्चासत्रांच्या चित्रीकरणानं भरली होती आणि पुढच्या शनिवारी आणखी आणणार होते. "तुमचं काईतरी काढा ना बाबा, माझं कामाचं हाय," असं मी गुरुवारी त्यांना म्हटलं होतं.

सोमवारी पहाटे शेजारच्यांचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय. मी मूर्तिजापूरच्या पुढे गेले होते तेव्हा दुसरा आला.

तेरवी शनिवारी झाली. चार वाजेपर्यंत खुर्च्या गेल्या, भांडी गेली, नातेवाईक आपापल्या गाड्यांनी गेले. आई दिवाणावर तिच्या जागी बसली होती. काचबिंदूनं तिची नजर जाऊन सात वर्षं झाली. पाय वर घेऊन, पदर सारखा करून ती म्हणाली, "बाई, तुह्या बाबाची वही लाव वं."

नोकरीत कुठल्या गावी कोणता खांब रोवला, कोणी ताक पाजलं, कुठे कुत्रं मागे लागलं, हे सगळं बाबांनी एका लांब वहीत लिहिलं होतं. मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावानं कॅमेरा स्टँडवर लावला आणि बाबांनी ती वही आईला तीन तास वाचून दाखवली. तेव्हापासून दुपारी ते बाहेर गेले, की आई शेजारच्या माणिकबाईकडून टीव्हीवर ती लावून घ्यायची आणि ऐकत पडायची.

मी रिमोट घेतला. दिवाळीचं फोल्डर उघडलं. वही नव्हती. बाकीची फोल्डरं पाहिली, कचरापेटी पाहिली. सगळ्यात मोठी फाईल कोणती होती, ते तेव्हा कळलं.

"भेटत नाई काय?"

"पाहून राहिली."

"डब्बा बिघडला असन. गजेंद्रले बोलाव."

गजेंद्रचं दोन गल्ल्या सोडून कॅमेऱ्यांचं दुकान आहे. डब्बा त्यानंच बसवून दिला होता. दुपारी जेवून गेला होता, तसाच परत आला आणि माझ्या लॅपटॉपसमोर खाली मांडी घालून बसला.

"काकाच्यानं चुकून उडाली वाटते. कधी, ताई?"

"त्या रविवारी. दुपारी."

त्यानं बोटं मोजली. मग डब्ब्याच्या सेटिंगचं पान उघडून पासवर्ड टाकला. "हा रोज रात्री दोन वाजता स्नॅपशॉट घेते. म्हणजे तवा जे जसं होतं ते तसंच धरून ठेवते. नंतर तुमी वरून पुसलं तरी आतून पुसू देत नाई. चौदा ठेवते. नवा आला का सगळ्यात जुना जाते."

यादीत चौदा ओळी होत्या. सगळ्यात खाली तो रविवार, पहाटेचे दोन.

"आज रात्री गेलाच होता हा," गजेंद्र म्हणाला. त्यानं आधी त्या ओळीला कुलूप लावलं, आणि मग रुमालानं मान पुसली.

"आता एका बटनात आखं फोल्डर त्या दिवसावर नेता येते. पण मंग त्याच्यानंतर आलेलं सारं जाईन. काई हाय काय नंतरचं?"

आम्ही पाहिलं. तेरवीच्या कार्डासाठी निवडलेले बाबांचे फोटो होते. आणि त्यांच्या मोबाइलमधून आलेलं एक ध्वनिमुद्रण, त्याच रविवारचं, संध्याकाळी सात चाळीस, अकरा मिनिटांचं. नाव दिलं होतं, 'वही पुन्हा १'.

मी ते उघडलं नाही.

"फोल्डर मागं नेऊ नको," मी म्हटलं. "एकच फाईल उचल."

"तेच करतो. पण ठेवाची कुठं? अठ्ठावन जीबी हाय, डब्ब्यात तीसच शिल्लक."

"माझं सगळं काढून टाकते."

"काई फायदा नाई, ताई. तुमचंबी ह्या चौदात धरलेलं हाय. आज पुसलं तरी जागा आज भेटत नाई. ते स्नॅपशॉट जाईन तवाच भेटन."

काहून, असं बाबांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर हे होतं.

"काकानं मले फोन केला असता तर मी म्हटलं असतं, जुने स्नॅपशॉट उडवा, होते जागा. आन् मंग बसलो असतो बोंबलत." तो हसला, आणि आई बसली आहे हे आठवून पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

मी त्या दिवशी पेन खाली ठेवला असता, तर गजेंद्रलाच विचारा म्हटलं असतं, आणि वही कायमची गेली असती. हेही मला तेव्हा सुचलं, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही.

चर्चासत्रांसाठी घेतलेली रिकामी डिस्क अजून माझ्या पिशवीतच होती. ती लॅपटॉपला लावली, लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला. त्या रविवारच्या स्नॅपशॉटमध्ये दिवाळीचं फोल्डर होतं तसं होतं. फाईल तिथून ओढून डिस्कवर टाकली.

"किती वेळ?" आईनं विचारलं.

"वीस मिनिटं, काकू. तवरोक चहा पाजा."

"तुले बरं सुचते. दुपारी सहा बुंदीचे लाडू खाल्ले म्हणे, माणिकबाई सांगत होती."

"पाच वं काकू. माणिकबाई मोजाले बसली होती काय?"

चहा झाला. लॅपटॉपवरची पट्टी भरत गेली. पूर्ण झाल्यावर गजेंद्रनं फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहिली, मग डिस्क टीव्हीला लावून दिली. पैशांचं विचारलं तर चप्पल घालून बाहेर पडला.

टीव्हीवर बाबा चष्मा पुसत होते. "पातूरच्या घाटात," त्यांनी सुरुवात केली, "मी एकल्यानं अकरा खांब रोवले."

"खोटं हाय," कॅमेऱ्यामागून आईचा आवाज आला.

"तू होती काय तिथं?"

दिवाणावरची आई हसली. मग बराच वेळ ऐकत राहिली. घाट संपला तेव्हा म्हणाली, "त्याइच्यानं दबलं असन भलतंच बटन. मी कवाची म्हणून राहिली होती, चष्मा बदला म्हणून. मानूस असा चुकत नवता."

मी आवाज कमी केला.

"आई, बाबाचं चुकलं नाई," मी म्हटलं. "त्याइले जागा करा म्हणून मीच सांगतलं होतं. तुमचं काढा, माझं कामाचं हाय, असं म्हटलं होतं मी."